५६० पिक्सेलची चौकट, ३६० पिक्सेलचा फोन

यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली ‘शेअर’ दाबून ‘एम्बेड’ निवडलं, की कोडचा एक तुकडा हातात येतो. तो आपल्या वेबसाइटच्या पानात चिकटवला, की व्हिडिओ तिथे दिसू लागतो. त्या तुकड्यात अगदी सुरुवातीला दोन आकडे असतात, रुंदी ५६० आणि उंची ३१५. चिकटवणाऱ्यांपैकी फार थोडे ते वाचतात. कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसतं, पान प्रसिद्ध होतं, आणि मग कुणीतरी कळवतं की फोनवर व्हिडिओ उजवीकडे कापला जातोय आणि अख्खं पानच आडवं सरकतंय.

हिशोब केला तर यात नवल नाही. साधारण अँड्रॉइड फोन उभा धरला, तर ब्राउझरच्या लेखी त्याची रुंदी ३६० पिक्सेलच्या आसपास असते. फोनच्या जाहिरातीत १०८० पिक्सेल लिहिलेलं असतं ते वेगळं. ते पडद्यावरचे खरे ठिपके. अक्षरं वाचण्याजोगी राहावीत म्हणून ब्राउझर अशा तीन ठिपक्यांची रुंदी एक पिक्सेल धरतो, आणि वेबपानाच्या कोडमधले सगळे आकडे या दुसऱ्या मापात असतात. पानाला दोन्ही बाजूंनी सोळा-सोळा पिक्सेलचा समास सोडला, की मजकुराला ३२८ पिक्सेल उरतात. त्या जागेत ५६० पिक्सेलची चौकट सोळाव्या पिक्सेलपासून सुरू होते आणि ५७६व्या पिक्सेलला संपते. म्हणजे २१६ पिक्सेल पडद्याबाहेर.

पुढचं सगळं एका उदाहरणावर बघू. समजा, एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची छोटी वेबसाइट आहे. मुख्यपानावर व्याख्यानमालेतल्या एका व्याख्यानाचा व्हिडिओ आहे आणि त्याखाली वाचनालयाकडे कसं यायचं ते दाखवणारा गूगलचा नकाशा. दोन्ही बाहेरून आणून चिकटवलेले. व्हिडिओचा कोड, अनावश्यक भाग गाळून, असा दिसतो:

```html
<iframe class="video" width="560" height="315"
  src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID"
  title="व्याख्यानमाला" allowfullscreen></iframe>
```

यातला `class="video"` एवढा भाग आपण घातलेला. बाकी यूट्यूबने दिलेलं.

याच पानावर वाचनालयाच्या इमारतीचा फोटो असेल, तर तो मात्र फोनवर निमूटपणे लहान होतो. त्याला ‘जास्तीत जास्त रुंदी शंभर टक्के, उंची आपोआप’ असं सांगितलं की पुरतं. मग व्हिडिओलाच काय होतं? कारण असं की फोटोच्या फाइलमध्ये त्याची लांबी-रुंदी लिहिलेली असते. ब्राउझर ती वाचतो आणि रुंदी कमी झाली की उंची त्याच प्रमाणात कमी करतो. `iframe`मध्ये चित्र नसतं, एक पूर्ण वेबपान असतं, तेही परक्या पत्त्यावरून आलेलं. भिंतीत खिडकी किती मोठी ठेवायची हे खिडकीबाहेर काय दिसतं त्यावरून ठरत नाही, तसंच इथे आहे. ब्राउझरला आत डोकावून ‘हा व्हिडिओ आहे आणि तो अमुक प्रमाणाचा आहे’ असं ठरवता येत नाही. सुरक्षेच्या नियमांमुळे आपल्या पानालाही परक्या पानाच्या आतलं वाचायला मनाई असते. त्यामुळे चौकटीचा आकार बाहेरून सांगावाच लागतो. काहीच सांगितलं नाही, तर ब्राउझर ३०० बाय १५० पिक्सेल हे ठरलेलं माप वापरतो. व्हिडिओचं, नकाशाचं किंवा आणखी कशाचं प्रमाण कितीही असो, माप तेच.

हे ३०० बाय १५० लक्षात ठेवण्यासारखं आहे. निम्म्या बिघाडांची खूण त्यात सापडते.

आता लोक सहसा काय करतात ते पाहू. पहिला प्रयत्न म्हणजे फोटोचा नियम व्हिडिओला लावून ‘जास्तीत जास्त रुंदी शंभर टक्के’ म्हणणं. चौकट पडद्यात बसते, आडवं सरकणं थांबतं. पण उंचीचा ३१५ हा आकडा तसाच राहतो. चौकट ३२८ बाय ३१५, म्हणजे जवळजवळ चौरस होते. ३२८ रुंदीच्या आडव्या व्हिडिओला खरी गरज साडेचौऱ्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८४.५ पिक्सेल उंचीची. उरलेली १३० पिक्सेल उंची काळी होते, निम्मी वर आणि निम्मी खाली. वक्ता मधल्या पट्टीत बोलत राहतो.

हे पट्टे घालवायला माणूस दुसरा प्रयत्न करतो आणि उंची `auto` करतो. फोटोला हे चालतं. चौकटीजवळ स्वतःचं प्रमाण नसल्यामुळे ब्राउझर इथे ठरलेल्या १५०वर येतो. चौकट ३२८ बाय १५० होते, व्हिडिओ त्यात मावण्यासाठी सुमारे २६७ पिक्सेल रुंदीचा होतो आणि काळे पट्टे आता डावी-उजवीकडे दिसतात. पट्टे वर-खाली असतील तर चौकट गरजेपेक्षा उंच आहे, आणि बाजूंना असतील तर ती गरजेपेक्षा बुटकी आहे. एवढं ओळखता आलं की कोड न उघडताही अर्धं निदान होतं.

खरा उपाय म्हणजे रुंदी मोकळी सोडायची आणि प्रमाण स्वतः सांगायचं. यासाठी सीएसएसमध्ये `aspect-ratio` नावाचा गुणधर्म आहे. तो क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२१च्या पहिल्या सहामाहीत आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सफारीतही. आता वापरायला काही धोका उरलेला नाही.

```css
.video {
  display: block;
  width: 100%;
  max-width: 800px;
  height: auto;
  aspect-ratio: 16 / 9;
  margin: 0 auto;
  border: 0;
}
```

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते समजून घेतलेलं बरं, कारण एकही ओळ शोभेची नाही. `width: 100%` म्हणजे मिळेल ती जागा घे. `height: auto` ही ओळ विसरली, तर कोडमधला `height="315"` हा आकडा जिंकतो आणि प्रमाणाची ओळ असून नसल्यासारखी होते. ही विसरण्याची जागा सर्वांत जास्त पाहिली आहे मी. माणूस `aspect-ratio` लिहितो, काही फरक पडत नाही, आणि तो समजतो की ब्राउझर जुना आहे. `display: block` नसेल तर चौकटीला ब्राउझर ओळीतल्या एखाद्या अक्षरासारखं वागवतो आणि खाली काही पिक्सेलची फट राहते. `border: 0` नसेल आणि मूळ कोडनेही बॉर्डर काढलेली नसेल, तर चौकटीला दोन पिक्सेलची कड येते. दोन इकडे, दोन तिकडे, अशी एकूण रुंदी शंभर टक्क्यांपेक्षा चार पिक्सेलनी वाढते, आणि चौकट समास न सोडता कडेपर्यंत पसरलेली असेल, तर पान फोनवर अगदी केसभर आडवं हलतं. कुठून हलतंय ते सापडत नाही.

`max-width` फोनसाठी नसून कॉम्प्युटरसाठी आहे. बाराशे पिक्सेल रुंदीच्या रकान्यात व्हिडिओ शंभर टक्के पसरला, तर त्याची उंची ६७५ होते. नेहमीच्या १३६६ बाय ७६८च्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या पट्ट्या वजा जाता पानाला उभी जागा तेवढीही उरत नाही. व्हिडिओ सुरू करायचं बटण दिसतं तेव्हा वक्त्याचं डोकं वर गेलेलं असतं. ८०० रुंदीला उंची ४५० येते आणि व्हिडिओ आरामात मावतो.

एक ओळ मात्र या सगळ्याच्या आधी हवी, पानाच्या `head` भागात:

```html
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

ही नसेल, तर फोन समजतो की पान जुन्या काळातलं, कॉम्प्युटरसाठी केलेलं आहे. तो ते सुमारे ९८० पिक्सेल रुंदीच्या काल्पनिक पडद्यावर मांडतो आणि नंतर आकसून दाखवतो. मग ‘शंभर टक्के’ म्हणजे त्या ९८०चे शंभर टक्के. व्हिडिओचं प्रमाण बरोबर येतं, पण सगळं पान मुंगीएवढ्या अक्षरांत.

१६:९ हे प्रमाण कुठून आलं, याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतले इंजिनिअर कर्न्स पॉवर्स नव्या हाय-डेफिनिशन टीव्हीच्या आकाराचा विचार करत होते. टीव्ही ४:३चा, सिनेमे त्याहून कितीतरी रुंद. त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणांचे, पण सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवले. ते सगळे ज्या आयतात मावतात आणि सगळ्यांत जो आयत सामाईक असतो, त्या दोन्हींचं प्रमाण साधारण १.७७ निघालं. म्हणजेच सोळाला नऊ. ती तडजोड होती, आणि तडजोडीचा अर्थ असा की जुन्या किंवा फार रुंद चित्राला कुठेतरी पट्टे येणारच. यूट्यूबने आपला प्लेअर २००८च्या नोव्हेंबरात १६:९ केला. त्याआधी तोही ४:३ होता.

याचा आपल्याशी संबंध असा. वाचनालयाने ‘संत तुकाराम’सारख्या १९३६ सालच्या बोलपटातला प्रसंग पानावर लावला, तर ते चित्र ४:३च्या आसपासचं असतं. १६:९च्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, आणि ते चुकीचे नाहीत. पट्टे नको असतील तर त्या एका व्हिडिओपुरतं प्रमाण `4 / 3` करता येतं. पण इथे एक गंमत आहे. पुष्कळदा व्हिडिओ चढवणाऱ्याने पट्टे चित्रातच भाजून ठेवलेले असतात, म्हणजे मूळ फाइलच १६:९ असते आणि काळा भाग तिचाच हिस्सा असतो. अशा व्हिडिओला ४:३ची चौकट दिली, तर बाजूचे पट्टे जात नाहीत आणि वर-खालीही नवे येतात. चित्र चारही बाजूंनी काळ्या पेटीत बसलेलं दिसलं, की समजायचं: पट्टे फाइलमध्ये आहेत, चौकट मुकाट्याने परत १६:९ करावी.

उभ्या व्हिडिओचं म्हणजे शॉर्ट्सचं प्रमाण ९:१६. इथे रुंदी शंभर टक्के सोडणं धोक्याचं आहे. फोनवर ३२८ रुंदीला ५८३ उंची होते, ती चालून जाते. कॉम्प्युटरवर ८०० रुंदीला १४२२ उंची होते, म्हणजे लॅपटॉपचे दोन पडदे भरून एकच व्हिडिओ. सहज सुचणारा उपाय म्हणजे `max-height` लावणं, पण तो फसतो. उंचीला मर्यादा आली तरी रुंदी शंभर टक्केच राहते, कारण ती आपण ठामपणे सांगितलेली असते. प्रमाण मोडतं आणि बाजूचे पट्टे परत येतात. मर्यादा रुंदीलाच घालायला हवी, आणि ती पडद्याच्या उंचीवरून मोजून:

```css
.ubha-video {
  display: block;
  width: min(100%, 45vh);
  height: auto;
  aspect-ratio: 9 / 16;
  margin: 0 auto;
  border: 0;
}
```

`45vh` म्हणजे पडद्याच्या दृश्य उंचीचे पंचेचाळीस टक्के. हा आकडा हवेतून आलेला नाही. उंची पडद्याच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं ठरवलं, तर रुंदी ऐंशीच्या नऊ-सोळांश, म्हणजे पंचेचाळीस. हाच हिशोब आडव्या व्हिडिओलाही लावता येतो. फोन आडवा धरल्यावर पडदा ८०० बाय ३६० होतो, व्हिडिओ ७६८ बाय ४३२ होतो आणि पडद्यात मावत नाही. तिथे `width: min(100%, 142vh)` लिहिलं की मावतो. तसं पाहता फोन आडवा करणारा माणूस पुढच्याच क्षणी पूर्ण पडद्याचं बटण दाबतो, म्हणून मी स्वतः हे दर वेळी करत नाही.

जुन्या वेबसाइटवर मात्र वेगळंच काही सापडेल. `aspect-ratio` येण्याआधी बारा वर्षं लोक एका युक्तीवर काम चालवत होते. २००९च्या मे महिन्यात थिएरी कोब्लेंझ यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब नियतकालिकात ती मांडली. सीएसएसमध्ये पॅडिंग टक्क्यांत सांगितलं, तर वर-खालचं पॅडिंगसुद्धा रुंदीवरून मोजलं जातं. मग रिकाम्या डब्याला खालून ५६.२५ टक्के पॅडिंग द्यायचं, कारण नऊ भागिले सोळा म्हणजे ०.५६२५. डब्याची उंची आपोआप रुंदीच्या प्रमाणात राहते, आणि त्याच्या चारही कडांना चिकटवून चौकट आत बसवायची. पुढे २०११ मध्ये ख्रिस कॉयर आणि डेव्ह रूपर्ट यांनी फिटविड्स नावाचं छोटं साधन केलं, ते पानातले व्हिडिओ शोधून असे डबे आपोआप करायचं.

```css
.daba { position: relative; padding-bottom: 56.25%; }
.daba iframe { position: absolute; inset: 0;
  width: 100%; height: 100%; }
```

युक्ती सुंदर होती, आणि अनेक तयार थीममध्ये ती अजून जिवंत आहे. पण तिच्यात एक खड्डा आहे. पॅडिंगची टक्केवारी डब्याच्या स्वतःच्या रुंदीवरून मोजली जात नाही, तो डबा ज्याच्यात ठेवलाय त्याच्या रुंदीवरून मोजली जाते. वाचनालयाच्या पानाचा रकाना १२०० पिक्सेलचा आहे आणि कुणीतरी डब्यालाच `max-width: 800px` लावलं, असं धरा. रुंदी ८०० होते, पण पॅडिंग १२००चे ५६.२५ टक्के, म्हणजे ६७५ पिक्सेल राहतं. डबा ८०० बाय ६७५ होतो आणि व्हिडिओच्या वर-खाली प्रत्येकी ११२ पिक्सेलचे काळे पट्टे येतात. फोनवर रकाना ८००पेक्षा अरुंद असल्यामुळे सगळं ठीक दिसतं, फक्त मोठ्या पडद्यावर बिघडतं. इलाज म्हणजे डब्याबाहेर आणखी एक डबा करून मर्यादा त्याला लावणं, किंवा ही जुनी युक्ती काढून `aspect-ratio` वापरणं. दोन्ही एकत्र मात्र नको. डब्याचं पॅडिंग तसंच राहिलं आणि आतली चौकट कडांना चिकटवलेली नसली, तर व्हिडिओखाली व्हिडिओएवढीच पांढरी पोकळी दिसते. व्हिडिओखाली अकारण मोठी मोकळी जागा दिसली, की जुना डबा मागे राहिलाय असं खुशाल समजावं.

आता नकाशा. इथे बहुतेक लेख एक मोठी चूक सुचवतात, ती म्हणजे व्हिडिओचाच नियम नकाशाला लावायचा. गूगल मॅप्सच्या कोडमध्ये ६०० बाय ४५० हे माप असतं, म्हणजे ४:३, आणि त्यावरून वाटतं की नकाशाचंही काही नैसर्गिक प्रमाण असेल. तसं काही नसतं. व्हिडिओ हे आधीच काढलेलं चित्र आहे, त्याची चौकट कॅमेऱ्याने ठरवलेली. नकाशा चौकट बघून नव्याने मांडला जातो. चौकट रुंद केली तर बाजूची गल्ली दिसते, उंच केली तर पुढचा चौक दिसतो. काळे पट्टे कधीच येत नाहीत. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही, पण चूक असते.

वाचनालयाच्या नकाशाला १६:९ लावून पाहू. फोनवर तो ३२८ बाय १८४ पिक्सेलचा होतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात जागेचं नाव-पत्ता सांगणारी पांढरी पाटी, उजव्या खालच्या कोपऱ्यात मोठं-लहान करण्याची बटणं, तळाशी गूगलचं नाव आणि अटींची ओळ. पाटी आणि बटणं नकाशाबरोबर लहान होत नाहीत, त्यांची मापं ठरलेली असतात. मधे उरते ती बोटभर पट्टी, त्यात एक लाल खूण आणि एका रस्त्याचा तुकडा. माणसाला पाहायचं असतं की एसटी स्टँडवरून कुठे वळायचं, आणि नेमका एसटी स्टँड चौकटीबाहेर. उलट कॉम्प्युटरवर ४:३चा नकाशा १२०० रुंदीला ९०० उंच होतो आणि खालचा दूरध्वनी क्रमांक, वेळापत्रक सगळं दृष्टीआड ढकलतो. म्हणजे एकच प्रमाण लहान पडद्यावर नकाशाला गुदमरवतं आणि मोठ्या पडद्यावर त्याला माजवतं.

नकाशाला प्रमाण देऊ नये, उंची द्यावी, असं माझं मत आहे. आणि ती उंची दोन मर्यादांमध्ये बांधून:

```css
.nakasha {
  display: block;
  width: 100%;
  height: clamp(280px, 55vh, 450px);
  border: 0;
}
```

`clamp` वाचायला सोपं आहे. शक्यतो पडद्याच्या ५५ टक्के उंची घे, पण २८०च्या खाली जाऊ नकोस आणि ४५०च्या वर चढू नकोस. उभ्या फोनवर पानाला ६४० पिक्सेल उंची मिळत असेल, तर नकाशा ३५२ उंच होतो. ३२८ रुंद आणि ३५२ उंच, जवळजवळ चौरस, आणि पाटी-बटणं वगळूनही आजूबाजूचे चार रस्ते त्यात दिसतात. फोन आडवा केला की ३६०चे ५५ टक्के १९८ होतात, पण खालची मर्यादा त्याला २८०वर धरून ठेवते. मोठ्या मॉनिटरवर वरची मर्यादा लागते.

नकाशा पडद्याएवढा उंच करू नये, यामागे बोटाचंही कारण आहे. गूगलचा चिकटवलेला नकाशा फोनवर एका बोटाने सरकत नाही, दोन बोटं वापरा असं सांगतो. त्यामुळे वाचक एका बोटाने पान खाली नेऊ शकतो. पण सगळे नकाशे असे सभ्य नसतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या चौकटीवर एक बोट फिरवलं की नकाशाच सरकतो आणि पान जागचं हलत नाही. अशी चौकट पडद्याच्या बाहेरपर्यंत गेली, तर वाचक तिच्यात अडकतो. त्याला वर किंवा खाली पकडायला पानाची मोकळी जागाच उरत नाही.

नकाशाचा आकार शेवटी जमिनीच्या आकारावरही अवलंबून असतो. एका इमारतीची खूण दाखवायची असेल तर चौरसाजवळचं काहीही चालतं. पण समजा, पर्यटनाच्या पानावर डहाणूपासून रेडीपर्यंतचा कोकण किनारा दाखवायचा आहे. तो उत्तर-दक्षिण लांबच लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद. ओपनस्ट्रीटमॅपच्या कोडमध्ये `bbox` म्हणून चार आकडे असतात, दाखवायच्या प्रदेशाच्या चार कडा. तो सगळा प्रदेश मावेपर्यंत नकाशा लहान होत जातो. बुटक्या, रुंद चौकटीत कोकण मावायला नकाशा इतका लांबून दिसतो की अर्धा अरबी समुद्र आणि अर्धं दख्खनचं पठार चौकटीत येतं, आणि किनारा मधे एका रेघेएवढा. इथे फोनची उभी चौकटच अधिक योग्य, आणि कॉम्प्युटरवर नकाशा एका बाजूला उभा ठेवून शेजारी गावांची नावं लिहावीत. या एका बाबतीत मोठ्या पडद्यापेक्षा लहान पडदा सरस ठरतो.

शेजारी मजकूर ठेवताना एक नेहमीची अडचण येते. चौकट आणि मजकूर एका `flex` ओळीत थेट शेजारी-शेजारी ठेवले, तर ब्राउझर दोघांना सारख्या उंचीचं करायला जातो. मजकूर लांब असेल तर चौकटही ताणली जाते. वर दिलेली उंची ठरलेली असल्यामुळे नकाशा बचावतो, पण `height: auto` असलेला व्हिडिओ ताणला जाऊन त्याला वर-खाली पट्टे येतात. व्हिडिओला `align-self: flex-start` एवढी ओळ दिली की ताण जातो.

तपासणी करायला महागडं काही लागत नाही. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ-१२ दाबून, मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की पान फोनच्या मापात दिसतं. वर रुंदीचा आकडा हाताने बदलता येतो. ३६० टाका, चौकटीवर ‘इन्स्पेक्ट’चा बाण न्या, आणि तिच्या शेजारी जे माप उमटतं ते वाचा. ३२८ बाय १८४.५ दिसलं तर व्हिडिओ बरोबर आहे. ३२८ बाय ३१५ असेल तर `height: auto` राहून गेलंय. उंची १५० असेल तर प्रमाणाची ओळ चौकटीपर्यंत पोचलेलीच नाही. बहुधा `aspect-ratio`च्या ओळीतच स्पेलिंगची चूक असते. ५६० बाय ३१५ असेल तर आपला एकही नियम लागू झालेला नाही. आणि आकडे सगळे बरोबर असूनही पान आडवं हलत असेल, तर दोषी ही चौकट नसून बहुतेक एखादा रुंद तक्ता किंवा न तुटणारा लांब पत्ता असतो.

हा सगळा उपाय व्हिडिओ आणि नकाशापुरता आहे. वाचनालयाने सभासद नोंदणीचा फॉर्म अशाच चौकटीत लावला, तर प्रमाणही कामाचं नाही आणि ठरलेली उंचीही. फोनवर प्रश्न तीन ओळींत मोडतात, उंची वाढते, आणि चौकटीच्या आत दुसरी स्क्रोलपट्टी येते. आतल्या पानाने स्वतःहून ‘मला एवढी उंची हवी’ असा निरोप बाहेर पाठवला, तरच ती चौकट बरोबर वाढते, आणि तसा निरोप पाठवायचा की नाही हे आतलं पान ज्याचं आहे त्याच्या हातात असतं. तो पाठवत नसेल, तर फॉर्म चौकटीत न बसवता त्याचा साधा दुवा द्यावा.